ज्यूस हीटरला फीडफॉरवर्ड लावला आणि तापमान जास्तच नाचायला लागलं

कृष्णाकाठ
मंडळी नमस्कार. अथणी भागातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. गळीत जोरात चालू आहे आणि एका प्रश्नावर केमिस्टसाहेबांशी रोज वाजतंय.

मिक्स ज्यूस साधारण ३५ अंशाला येतो. पहिल्या हीटरमधून तो ७२ ला बाहेर पडला पाहिजे. रस ताशी १०० टनांच्या आसपास. हीटरला इव्हॅपोरेटरचा व्हेपर आहे, व्हेपर लाइनवर फ्लोमीटर आणि त्याचा स्वतःचा लूप आहे. आजवर तापमानाचा पीआयडी कंट्रोलर त्या लूपला वाफेचा सेटपॉइंट द्यायचा. अडचण एकच, मिल चोक झाली की रस १०० वरून ८० वर येतो, वाफ तेवढीच चालू राहते, आणि पीआयडीला कळेपर्यंत तापमान ७८-७९ ला. परत खाली यायला चार-पाच मिनिटं.

रस तर मॅग्नेटिक फ्लोमीटरवर दिसतोच. म्हणून फीडफॉरवर्ड लावला. टनामागे ६२ किलो वाफ असा हिशेब धरून रस बदलला की वाफेचा सेटपॉइंट लगेच बदलायचा. मिल थांबते तेव्हा फरक उत्तम, आता तापमान दोन-तीन अंशांच्या आत राहतं.

पण एरवी, मिल सुरळीत चालू असताना, तापमानात साधारण ९० सेकंदांची एक लाट असते. आधी ती वरखाली दीड अंश होती. आता दोनाला टेकते. केमिस्ट म्हणतात काढून टाका ते. काढू, की त्या ६२ ला गुणणारा गेन कमी करू, की आणखी काही?

निपाणीचा नाना
मिल चोक होऊ देऊ नका. धागा बंद.

उद्यमबाग
सोपं आहे हो. लाट येतेय म्हणजे पीआयडी जास्त तापट आहे. आमच्या हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला हेच व्हायचं. पी निम्मा केला, आय दुप्पट वेळेचा केला, भट्टी शांत. फीडफॉरवर्ड-बिडफॉरवर्ड काही लागत नाही. फाउंड्रीत दिवसभर दार उघडझाप होते, तरी चालतंय की.

कृष्णाकाठ
@उद्यमबाग, ते करून बघितलं दादा. तापमानाचा कंट्रोलर मॅन्युअलला टाकला तरी लाट आहे तशीच. ती रसातूनच येते. मिक्स ज्यूस टाकीच्या लेव्हलचा व्हॉल्व जरा अडकतो, त्यामुळे रस ताशी पाचेक टन वरखाली होत राहतो, ९० सेकंदांनी एक फेरा.

लूपवाले काका
मॅन्युअलला टाकून बघितलंत हे बरं केलंत, निम्मा वाद तिथंच मिटला. आता एक करा. रसाचा प्रवाह आणि व्हेपरचा प्रवाह एकाच ट्रेंडवर, पाच मिनिटांचा स्पॅन ठेवून लावा. रसाचं शिखर आणि वाफेचं शिखर यांत किती सेकंद आहेत तेवढं सांगा. गेनला अजून हात लावू नका.

माझा अंदाज, फ्लोमीटरच्या ट्रान्समीटरमध्ये डॅम्पिंग भरपूर ठेवलेलं असणार. कमिशनिंगवाले आकडा नाचू नये म्हणून ते वाढवून जातात आणि पुढे कुणी बघत नाही.

रायबागचा शेतकरी
तुमचं ते फीडफॉरवर्ड काय असेल ते असू दे, पण रस कमी होतो याला मिल कारण नाही. तोडणी टोळीच वेळेवर येईना. यार्डात गाड्या कधी शंभर तर कधी रिकामं रान. ऊस सलग आला तर तुमची मिल कशाला थांबेल? आणि वाळलेला ऊस आला की चोक होतो म्हणून आमच्यावर ढकलायचं. वीस दिवस तोड लांबवली कुणी?

निपाणीचा नाना
दादा बरोबर बोलायलाय. खरा डिस्टर्बन्स यार्डात आहे, आणि तो मोजताही येतो. गाड्या मोजा.

बॉयलर_चिकोडी
आमच्याकडे बॉयलरच्या ड्रम लेव्हलला हेच तत्त्व आहे, थ्री एलिमेंट. वाफ जेवढी गेली तेवढं पाणी लगेच द्यायचं, लेव्हल कंट्रोलर फक्त उरलंसुरलं सांभाळतो. तिथे गेनचा हिशेब करायचा प्रश्नच नाही, एक टन वाफेला एक टन पाणी. तरीही मीटर कुठं बरोबर असतात? वाफेचा मीटर ३ टक्के कमी दाखवत असेल तर १०० टनांच्या बॉयलरला ताशी ३ टन पाणी कमी पडतं, आणि ड्रम काय ते विसरत नाही, लेव्हल खाली खालीच जाणार. म्हणून लेव्हलचा ट्रिम कधीच काढत नाही. दाब डिझाइनपासून हलला आणि मीटरला दाबाचं करेक्शन नसलं, की असा फरक सहज पडतो.

तुमचं तापमान बरं, ते चुकीच्या जागी का होईना पण एका ठिकाणी थांबतं.

कृष्णाकाठ
@लूपवाले काका, ट्रेंड लावला. रसाच्या शिखरानंतर वाफेचं शिखर २० सेकंदांनी. दर फेऱ्याला तेवढंच. वाफेच्या लाटेची उंची मात्र हिशेबाप्रमाणे बरोबर आहे, रस ५ टन तर वाफ सुमारे ३०० किलो.

ट्रान्समीटरचं डॅम्पिंग बघितलं, २ सेकंद आहे.

लूपवाले काका
मग डॅम्पिंग नाही, दुसरीकडे कुठं तरी वेळ जातोय. ते शोधू. आधी २० सेकंदांनी काय होतं ते बघा.

रस वाढला की तापमान पडतं, वाफ वाढली की चढतं. दोन्ही लाटा एकाच वेळी आल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात. एक मागे पडली की पूर्ण खात नाहीत, काही तरी उरतं. उशीर लाटेच्या एका फेऱ्याच्या सहाव्या भागाइतका झाला, की उरलेली लाट मूळच्या लाटेएवढीच होते, म्हणजे फीडफॉरवर्ड असून नसल्यासारखा. त्याहून जास्त उशीर झाला की उरलेली लाट मूळच्यापेक्षा मोठी.

तुमचा फेरा ९० सेकंदांचा, सहावा भाग १५. उशीर २०. हिशेब केला तर लाट १.२९ पट येते. दीड अंशाची १.९. तुम्ही दोन म्हणालात, जुळतंय.

मिल थांबते तेव्हा गोष्ट वेगळी. रस एकदा खाली आला की कित्येक मिनिटं खालीच राहतो. २० सेकंद उशिरा का होईना, वाफ योग्य आकड्याला जाते आणि तिथे राहते. नुकसान फक्त त्या पहिल्या २० सेकंदांचं. ट्रेंड नीट बघा, सुरुवातीला तापमानाचं एक टोकदार शिंग दिसेल, मग ते खाली येईल.

तेव्हा काढून टाकायचं काही कारण नाही. तोच फीडफॉरवर्ड संथ बदलाला उपयोगी आणि जलद बदलाला अपायकारक आहे, सीमारेषा उशिराच्या सहापट. तुमच्याकडे १२० सेकंद. त्याहून लांब फेऱ्याचं सगळं सुधारतं, आखूड फेऱ्याचं बिघडतं.

निपाणीचा नाना
म्हणजे झांजपथकात एकजण अर्धा ठेका मागे. न वाजवलेलं परवडतं.

कृष्णाकाठ
शिंग आहे काका! मिल थांबल्यावर तीन अंशांपर्यंत जाऊन येतं. मी ते पीआयडीचं समजत होतो.

मग गेन ०.५ केला तर?

लूपवाले काका
करून काय मिळेल सांगतो. त्या ९० सेकंदांच्या लाटेत २० सेकंदांचा उशीर असताना गेन १ ला लाट १.२९ पट, ०.८ ला १.१७ पट, ०.५ ला १.०४ पट. म्हणजे निम्मा करूनही फीडफॉरवर्ड नसल्यासारखंच. आणि मिल थांबल्यावर मात्र निम्मा डिस्टर्बन्स तसाच पीआयडीच्या गळ्यात. वेळेचा आजार गेनने बरा होत नाही.

एमटेक_टिळकवाडी
काकांचं मूळ म्हणणं पटलं, पण दोन गोष्टी.

एक, तुम्ही आधी डॅम्पिंगवर संशय घेतला होता. नुसतं डॅम्पिंग असतं तर लाट मूळच्यापेक्षा मोठी झालीच नसती. साधा फर्स्ट ऑर्डर फिल्टर लाटेला उशीर करतो, पण त्याबरोबर तिची उंचीही कमी करतो. दोन्हींचा हिशेब लावला तर उरलेली लाट नेहमी मूळच्यापेक्षा थोडी तरी लहान निघते. बिघडायला शुद्ध डेड टाइम लागतो, किंवा एकामागे एक दोन-तीन लॅग. धागाकर्त्याने वाफेची उंची पूर्ण आहे असं लिहिलं, त्यावरूनच फिल्टर सुटला.

दोन, मॉडेल घ्या. रसाकडून तापमानाकडे जाणारा आणि वाफेकडून तापमानाकडे जाणारा, असे दोन ट्रान्सफर फंक्शन काढा, एकाला दुसऱ्याने भागा, तोच कंट्रोलर. लाट शून्य.

लूपवाले काका
पहिला मुद्दा मान्य, चोख आहे.

दुसरा कागदावर शून्य. भागाकारात वाफेच्या बाजूचा डेड टाइम रसाच्या बाजूपेक्षा जास्त निघाला, तर कंट्रोलरने रस बदलायच्या आधी वाफ बदलली पाहिजे. ते कोण करणार? आणि वाफेच्या बाजूचा लॅग भरून काढायला लीड लावलात, तर फ्लोमीटरचा खरखराट तितक्याच पटीने व्हॉल्ववर. पोझिशनर महिन्यात हातात येईल. लीड-लॅग ब्लॉक असतोच, लीडचा वेळ लॅगच्या दुप्पट-तिप्पट ठेवला तर चालतं. त्यापुढे तुमचं मॉडेल किती खरं, हा प्रश्न येतो.

एमटेक_टिळकवाडी
मॉडेल टेस्ट घेऊन काढता येतं.

लूपवाले काका
काढावंच. कंट्रोलर मॅन्युअलला, रस स्थिर, वाफ ५ टक्के हलवा, तापमान किती हललं आणि किती सेकंदांनी हलायला लागलं ते टिपा. मग वाफ स्थिर, रस हलवा, तेच टिपा. दोन आकड्यांचा भागाकार तुमचा गेन, दोन वेळांतला फरक तुमचा खरा शत्रू. पण ही टेस्ट आज घेतलीत तर ती आजच्या हीटरची. डिसेंबरचा हीटर मार्चमध्ये तोच राहत नाही.

साखरमास्तर
बरीच वर्षं बॉयलिंग हाऊस सांभाळलं, आता खानापुरात शेती. तुम्ही सगळे रोगाला सोडून ताप उतरवायच्या गोळ्या शोधताय. लेव्हलचा व्हॉल्व अडकतो, तो काढून पॅकिंग बघा, पोझिशनर बघा. लेव्हलचा कंट्रोलर ढिला करा. टाकी कशाला असते? लेव्हल एका रेषेत ठेवायला नव्हे. ती ३० ते ७० टक्के खेळू द्या, रस आपोआप संथ होतो. आमच्या वेळी असले ब्लॉक नव्हते आणि ज्यूस ७२ ला जात होता.

बॉयलर_चिकोडी
मास्तर, तुमच्या वेळी ७२ ला जात होता की लॉगशीटमध्ये ७२ लिहिलं जात होतं?

साखरमास्तर
दोन्ही.

कृष्णाकाठ
मास्तर, पटलं. व्हॉल्व पुढच्या क्लीनिंगला काढतो, चालू गळितात बायपास करायला शिफ्ट इनचार्ज तयार नाहीत. लेव्हलचा गेन निम्मा केला, त्याने रसाची लाट जरा कमी झाली पण फेरा जवळपास तोच राहिला.

आता वेळ कुठं जात होता ते सापडलं. रसाचा फ्लोमीटर मिल हाऊसच्या पीएलसीला जोडलेला आहे. तिथून आकडा सिरियल मॉडबसने बॉयलिंग हाऊसच्या पॅनेलला येतो. त्या एकाच केबलवर मिलच्या मोटारींचे करंट, बेअरिंगची तापमानं, असं सगळं एकापाठोपाठ वाचलं जातं. रसाचा आकडा जुना होऊन पोहोचतो. फ्लोमीटरच्या डिस्प्लेसमोर एकजण आणि पॅनेलसमोर एकजण फोनवर, असं तपासलं. चौदा-पंधरा सेकंद तिथंच जातात. स्क्रीनवर बघताना हे कधीच जाणवत नाही, आकडा तर हलताना दिसतो.

उद्यमबाग
हे मात्र आमच्याकडेही आहे. स्पेक्ट्रोवरचा आकडा मेल्टिंगवाल्याच्या स्क्रीनवर येईस्तोवर लाडल निघून गेलेलं असतं.

लूपवाले काका
सापडलं ना. सिग्नल आयसोलेटर लावा, एक इनपुट दोन आउटपुटवाला. एक ४-२० मिलिअँपिअर पूर्वीसारखा मिल हाऊसला, दुसरा सरळ तारेने तुमच्या पॅनेलला. मग उरेल व्हॉल्वचा आणि हीटरचा स्वतःचा उशीर.

कृष्णाकाठ
तार ओढली. उशीर आता ६ सेकंद. लाट पाऊण अंशाच्या आत आली. केमिस्टसाहेब काही बोलले नाहीत, म्हणजे समाधान झालंय.

एमटेक_टिळकवाडी
६ सेकंदांना हिशेबाने ०.४२ पट, दीडची ०.६ व्हायला हवी. पाऊण म्हणजे जवळ आहे.

रायबागचा शेतकरी
एवढं करून साखर वाढली का? भाव वाढणार का उसाचा?

साखरमास्तर
साखर वाढत नाही, पण तापमान नाचलं की चुन्याची प्रतिक्रिया नाचते, क्लॅरिफायरमध्ये गाळ नीट बसत नाही. भावाचं कारखान्याच्या मीटिंगमध्ये विचारा, तिथं चहा तरी मिळेल.

कृष्णाकाठ
आता नवीन दुखणं. काल दुपारी मिल थांबली तेव्हा तापमान वर जायच्या ऐवजी जवळजवळ दोन अंश खाली गेलं. वेळ बरोबर होती, शिंग नव्हतं. फीडफॉरवर्डने जास्तच वाफ कापली असं दिसतंय. गेन ०.८ करू का?

लूपवाले काका
रस आत किती अंशाला येत होता?

कृष्णाकाठ
बघितलं. ४२. इम्बिबिशनचं, म्हणजे मिलमध्ये चोथ्यावर मारायचं पाणी आता गरम देताहेत, मिल हाऊसने गेल्या आठवड्यात चालू केलंय.

लूपवाले काका
मग गेनचा आकडाच बदलला. तुमचे ६२ किलो कुठून आले ते आठवा.

```
वाफ (किलो/टन) = १००० × ३.८ × (७२ − आतलं तापमान) ÷ २२५७
३५ अंशाला : ६२
४२ अंशाला : ५१
```

तुमच्या ब्लॉकमध्ये ३५ पक्कं बसलंय. गरज ५१ ची, कापताय ६२ ने. रस २० टन कमी झाला की १.०२ टन वाफ कापायची ती १.२४ टन कापली जाते. ८० टन रसाला २२० किलो वाफ कमी, म्हणजे सुमारे दीड ते पावणेदोन अंश खाली. तुमचा आकडा हाच.

आणि हे वेळेच्या चुकीपेक्षा पुष्कळ सौम्य आहे. गेन २० टक्के चुकला तर डिस्टर्बन्सचा २० टक्के उरतो, बाकीचे ८० गेलेच. फीडफॉरवर्ड नसता तर काल साडेसातचा धक्का पीआयडीवर आला असता. गेन दुप्पट होईपर्यंत संथ बदलात फीडफॉरवर्ड तोट्यात जात नाही.

०.८ केलात तर आज योगायोगाने बरोबर बसेल, ६२ चे ५० होतात. उद्या गरम पाणी बंद झालं की पुन्हा चुकेल. आतल्या रसाचं तापमान मोजता, मग तेच सूत्रात घाला.

एमटेक_टिळकवाडी
आणि पीआयडीचं आउटपुट बेरजेने न घालता त्या किलोच्या आकड्यालाच गुणा. रस कमी असताना तेवढीच वाफ तापमान जास्त हलवते, गुणाकार केला की पीआयडीचा जोरही रसाच्या प्रमाणात कमी होतो.

लूपवाले काका
हो, गुणाकारच. फक्त रस शून्याजवळ गेला की काय करायचं ते आधी लिहून ठेवा, नाहीतर मिल पूर्ण बंद असताना पीआयडी फुगत बसेल.

बॉयलर_चिकोडी
मी तरी ०.८-०.९ च ठेवतो. आमच्याकडच्या हीटरला सूत्रात सगळं घातलं, तरी व्हेपरचा मीटर खरा की खोटा कुणाला ठाऊक. थोडं कमी कापलं तर पीआयडी करतो, जास्त कापलं की थंड रस क्लॅरिफायरला.

लूपवाले काका
आणि रस वाढतो तेव्हा? तेव्हा ०.८ म्हणजे वाफ कमी पडणार, थंड रस तिकडेच जाणार.

बॉयलर_चिकोडी
आमच्याकडे रस एवढा झटक्यात वाढत नाही काका, मिल चालू करताना हळूहळूच नेतात. झटका खालच्याच दिशेचा.

लूपवाले काका
मग तुमच्या हीटरला ते बरोबर असेल. मी १ ठेवेन.

साखरमास्तर
ते सूत्र ठीक, पण मार्चमध्ये ट्यूबला खवली बसली की काय करणार? गेन बदलेल.

कृष्णाकाठ
मास्तर, फीडफॉरवर्ड व्हॉल्वच्या टक्क्यांवर नाही, व्हेपरच्या टनांवर आहे. रसाला उष्णता तेवढीच लागते, खवली असो नसो. व्हॉल्व जास्त उघडेल, ते आतला लूप बघतो.

साखरमास्तर
व्हॉल्व १०० टक्के उघडा असताना काय बघतो?

लूपवाले काका
इथं मास्तरांचा मुद्दा खरा आहे. खवली वाढली की तेवढीच वाफ द्रवायला शेलमध्ये जास्त दाब लागतो, आणि व्हेपरचा दाब इव्हॅपोरेटर देईल तेवढाच. एकदा व्हॉल्व पूर्ण उघडला की रस वाढल्यावर फीडफॉरवर्ड टन मागत राहील, मिळणार काही नाही. रस कमी झाला तरच काम करेल, तेही व्हॉल्व परत नियंत्रणात आल्यावर. व्हॉल्वची सरासरी उघड रोज लिहून ठेवा, ८५ च्या वर सरकायला लागली की हीटर बदली करून साफ करा.

कृष्णाकाठ
सध्या ६०-६५ आहे. आतलं तापमान सूत्रात घातलंय, उद्या पहिल्या शिफ्टला चालू करतो. ०.८ की १ ते अजून ठरवलं नाही, आधी १ वर एक मिल स्टॉप बघतो.

रायबागचा शेतकरी
मिल स्टॉपची वाट बघणारा पहिलाच माणूस बघितला.

निपाणीचा नाना
दादा, उद्या तुमची गाडी पाठवा. वाळका ऊस आणा.